विश्लेषण : हेडसेट काढला, तरी कानात आवाज का राहतो?

कारंजा लाडचा एक तरुण चार वर्षे पुण्यातल्या एका कॉल सेंटरमध्ये नऊ-नऊ तासांच्या पाळ्या करत होता. हेडसेट एकाच, डाव्या कानावर. दिवाळीत घरी आल्यावर रात्री त्याला रातकिडे ऐकू येऊ लागले. आई म्हणाली, 'मला तर काहीच ऐकू येत नाही रे.' कोमट तेल घालून झाले (ते घालू नये), मळ काढून झाला. अखेर आठ महिन्यांनी अकोल्यात त्याची श्रवणचाचणी झाली.

चाचणीत काय दिसले?

बंद खोलीत एकेका कानाला २५० ते ८,००० हर्ट्झपर्यंतचे सूर ऐकवतात आणि कोणता सूर किती हळू असताना ऐकू येतो, याचा आलेख काढतात. २५ डेसिबलपर्यंतची पातळी साधारणतः ठीक मानली जाते. त्याचा उजवा कान ठीक होता. डाव्या कानाची रेघ ४,००० हर्ट्झला ४० डेसिबलपर्यंत घसरून ८,०००ला पुन्हा वर आली होती. गोंगाटाने झालेल्या इजेची ही ओळखीची खूण. कानाच्या आतल्या, त्या सुराच्या सूक्ष्म पेशी निकामी झाल्या, की मेंदू जणू आवाज वाढवून उणीव भरतो. तीच ही किर्रकिर्र.

मग कामावर का कळले नाही? साध्या फोनवरून साधारण ३,४०० हर्ट्झपर्यंतचाच आवाज येतो. त्यामुळे ग्राहकाचे बोलणे नीट ऐकू येत राहते.

दोष हेडसेटचाच?

सरसकट नाही. कॉल सेंटरमधली सरासरी पातळी बरेचदा ८५ डेसिबलच्या आतच असते, आणि ८५ डेसिबल आठ तास ही प्रचलित मर्यादा आहे. पण शेजारी वीस जण बोलत असले की आवाजाची कळ वर जाते. दर तीन डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मी होते : ८८ला चार तास, ९१ला दोन. शिवाय एकाच कानात आवाज येत असेल, तर गाठीसारखी अन्य कारणे तपासावीच लागतात. त्याचा एमआरआय त्यासाठीच झाला आणि निर्दोष आला. ऐकू येणे अचानक कमी झाले, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

खरी अडचण कुठे?

गोंगाटामुळे आलेला श्रवणदोष व्यवसायजन्य आजारांच्या यादीत आहे. पण नोकरीला लागताना या तरुणाचा कान कसा होता, याचा कागदच नाही. नुकसान कामाच्या आधीचे की नंतरचे, हे आता कोण सांगणार? वीस मिनिटांची चाचणी रुजू होतानाच करून तिचा आलेख कर्मचाऱ्याच्या हाती देणे कंपन्यांना जड नाही. ते बंधनकारक व्हायला हवे. चाचणीआधी सोळा तास हेडसेट नको, नाहीतर कानाचा तात्पुरता थकवाही आलेखात उतरतो.

हा आवाज घालवणारी गोळी नाही. तरुण आता दोन्ही कानांवरचा हेडसेट वापरतो, आवाज कमी ठेवतो आणि झोपताना पंखा चालू ठेवतो.