दोष कुणाचा, हे आरोपीच ठरवणार?

गुन्ह्याला बळी पडलेल्या माणसाकडेच बोट दाखवणारे लोक कधीकधी गुन्हेशास्त्राचा हवाला देतात. त्या हवाल्याचे मूळ मार्विन वूल्फगँग या अमेरिकी अभ्यासकाच्या १९५८ सालच्या ग्रंथात आहे. त्यांनी फिलाडेल्फिया शहरात १९४८ ते १९५२ या काळात झालेल्या खुनांच्या पोलिसी नोंदी तपासल्या. ५८८ पैकी १५० प्रकरणांत, म्हणजे सुमारे २६ टक्क्यांत, पहिला हल्ला मेलेल्या माणसानेच केला होता. बळीने गुन्हा ओढवून घेतला, ही कल्पना इथून रूढ झाली.

हा पूर्वपक्ष अगदीच पोकळ नाही. भांडणात एकाने सुरा उपसला आणि दुसऱ्याच्या हातून तोच मेला, तर मारणारा कोण आणि मरणारा कोण हे क्षणभराच्या चपळाईने ठरलेले असते. आपला कायदाही गंभीर आणि अचानक चिथावणीची दखल घेऊन शिक्षा सौम्य करतो. मुख्य म्हणजे वूल्फगँग यांची कसोटी अरुंद आणि तपासता येण्याजोगी होती. पहिला वार कुणी केला, हे जखमांवरून आणि साक्षीदारांकडून पडताळता येते.

बिघाड झाला तो पुढच्या पायरीवर. मेनाकेम आमीर यांनी त्याच शहरातल्या १९५८ आणि १९६० मधल्या ६४६ बलात्कारांना ही कल्पना लावली आणि १९७१ च्या ग्रंथात त्यांपैकी १९ टक्के प्रकरणे ‘बळीने ओढवून घेतलेली’ ठरवली. त्यांची कसोटी काय होती? स्त्रीने आधी होकार देऊन नंतर नकार दिला, किंवा पुरेशा जोराने प्रतिकार केला नाही, असे गुन्हेगाराला वाटले, तर ते प्रकरण या गटात जाई. तिचे दारू पिणे, तिची ‘बदनामी’ हेही विचारात घेतले जाई. म्हणजे वूल्फगँग यांच्याकडे बळीची कृती मोजली जात होती आणि आमीर यांच्याकडे गुन्हेगाराचा समज. ज्याच्यावर आरोप आहे त्याला जे वाटले, तोच पुरावा! शिवाय आधार पोलिसांच्या कागदांचा, आणि त्या कागदांत पोलिसांचे पूर्वग्रह आधीच उतरलेले.

याच तऱ्हेचा विचार न्यायालयात शिरला की काय होते, ते महाराष्ट्राने पाहिले आहे. मार्च १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका तक्रारीच्या जबाबासाठी एका अल्पवयीन आदिवासी मुलीला बोलावले गेले. रात्री जबाब संपल्यावर सोबतच्या माणसांना बाहेर जायला सांगून तिला आत ठेवून घेण्यात आले. पोलीस शिपायाने आपल्यावर बलात्कार केला आणि हेड कॉन्स्टेबलने अतिप्रसंग केला, असे तिने सांगितले. सत्र न्यायालयाने तिला ‘लैंगिक संबंधांची सवय’ असल्याचा मुद्दा धरून संमती गृहीत धरली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने भीतीपोटी गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे, असे म्हणत दोघांना शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने मात्र सप्टेंबर १९७८ मध्ये, अंगावर जखमा नाहीत आणि प्रतिकाराची खूण नाही, या कारणांवर दोघांची सुटका केली.

गणवेशातल्या दोन पुरुषांपुढे, रात्रीच्या वेळी, पोलीस ठाण्यात त्या मुलीने हातपाय झाडायला हवे होते, ही अपेक्षा आमीर यांच्या ‘पुरेशा प्रतिकारा’चीच सख्खी बहीण आहे. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर यांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहून नेमके यावरच बोट ठेवले. त्यातून उठलेल्या आंदोलनानंतर १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलीस कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात संबंध सिद्ध झाला आणि संमती नव्हती असे स्त्रीने सांगितले, तर न्यायालयाने ते खरे धरावे, अशी तरतूद झाली.

आता दुसरा सिद्धान्त, जीवनशैलीचा. हिंडेलँग, गॉटफ्रेडसन आणि गॅरोफालो यांनी १९७८ मध्ये मांडले, की माणसाचा दिनक्रम त्याला कुठे, केव्हा आणि कुणाच्या सहवासात नेतो, यावर बळी पडण्याची शक्यता अवलंबून असते. ‘रात्री बाहेर पडलीच कशाला’ म्हणणाऱ्यांना हे सोयीचे वाटते. पण त्यांनी हा सिद्धान्त अर्धाच उचलला आहे. मूळ मांडणी सुरू होते ती समाजाने लादलेल्या भूमिकांपासून आणि बंधनांपासून. वय, लिंग, उत्पन्न यांतून जगण्याची चौकट ठरते आणि त्या चौकटीतून दिनक्रम. रात्रपाळी करणारी परिचारिका धोका हौसेने पत्करत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांत तर बलात्काराच्या दहापैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. तिथे अंधारा रस्ता टाळण्याचा सल्ला फारसा उपयोगी पडत नाही.

हा सिद्धान्त धोक्याची जागा दाखवतो, आणि तेवढ्यासाठी तो ठेवावा. देसाईगंजला तो प्रामाणिकपणे लावला, तर धोक्याची जागा निघते खुद्द पोलीस ठाणे, आणि बंधन येते ते पोलिसांवर. साक्षीसाठी स्त्रीला ठाण्यात बोलावू नये, तिच्या राहत्या घरीच जबाब घ्यावा, हा फौजदारी प्रक्रियेतला नियम त्याच दिशेचा आहे. तो पाळला गेला का, हा प्रश्न ठाणे अंमलदाराला विचारायचा असतो.