जाळी मारली तरी भेग पडते?

महाड तालुक्यातल्या सव गावाची ओळख सावित्रीकाठच्या उन्हाळ्यांची, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांची. त्याच सवात, महाडात आणि पोलादपुरातही आता घर म्हटले की सिमेंटचे कॉलम, बीम आणि मधे विटांची भिंत. गिलाव्यानंतर पहिला-दुसरा पावसाळा सरतो आणि बीमच्या खाली, दोरी लावून आखल्यासारखी आडवी भेग उमटते. बीम आणि भिंतीच्या सांध्यावर गिलाव्याआधी जाळी मारावी, असे सांगितले की तीन उत्तरे मिळतात. तिन्ही तपासून पाहण्यासारखी आहेत.

पहिले उत्तर असे की, जुन्या घरांना कुठे जाळी होती? नव्हती, हे खरे. पण त्या घरांना सिमेंटचा बीमही नव्हता. भार जांभ्याच्या किंवा विटांच्या भिंतीच पेलत, किंवा लाकडी खांब आणि तुळया पेलत. आपण ज्या सांध्याबद्दल बोलतो आहोत तो सांधाच तिथे नव्हता, त्यामुळे जुन्या घराचा दाखला इथे लागू होत नाही. काँक्रीट वाळताना आकसते. भाजलेली वीट जवळजवळ आकसत नाही. काँक्रीटचे एकूण आकसणे ढोबळमानाने लांबीच्या दहा हजारांत तीन भाग धरतात. म्हणजे तीन मीटरचा बीम सुमारे 0.9 मिलिमीटरने आखूड होऊ पाहतो. यातले काही गिलाव्याआधी होऊन जाते, उरलेले गिलावा झाल्यावर. शिवाय उन्हाने काँक्रीट विटेपेक्षा जास्त फुगते, आणि वरच्या भाराने बीम किंचित वाकतो. ही सगळी हालचाल सांध्याच्या एका रेषेवर येते आणि गिलावा तिथेच फाटतो.

दुसरे उत्तर गवंड्याचे असते : माल तेज करू, सिमेंट जास्त घालू. यात हेतू चांगला असला तरी परिणाम उलटा होतो. जास्त सिमेंटचा माल वाळताना जास्त आकसतो आणि अधिक ताठ होतो, म्हणजे हालचाल सोसण्याची त्याची ताकद कमीच होते. नंतर भेगेत पुट्टी भरणे हाही उपाय नाही. हालचाल चालू आहे तोवर ती पुट्टीच फाटते.

तिसरे उत्तर मात्र अनुभवातून आलेले आहे आणि त्याला मान द्यायला हवा : आम्ही जाळी मारली होती, तरी भेग आली. येते. पण जाळी कशी मारली होती ते विचारले की बहुतेक वेळा कारण सापडते. जाळी भिंतीला चपटी चिकटवून खिळे ठोकलेले असतात. मग माल तिच्या मागे शिरत नाही आणि ती गिलाव्यात नुसती अडकून राहते, काम करत नाही. किंवा बीमखालची फट आधी भरलेलीच नसते आणि पोकळीवर जाळी ताणलेली असते.

रीत अशी. भिंतीचा शेवटचा थर लगेच बीमला भिडवू नये. निदान आठवडाभर भिंत वाळू द्यावी, मग ती फट मालाने ठासून भरावी. बीमचा चेहरा फळ्यांच्या तेलाने गुळगुळीत असतो. त्याला टाचे मारून खरबरीत करावा, धुवावा, आणि सांध्याच्या दोन्ही अंगांवर सिमेंट-वाळूच्या पातळ मालाचा शिडकावा करावा. तो घट्ट झाला की जस्ताचा मुलामा असलेली कोंबडीजाळी, 30 सेंटिमीटर रुंदीची पट्टी, 15 बीमवर आणि 15 विटांवर येईल अशी ताणून बसवावी. खिळे दर 20-25 सेंटिमीटरवर, मागेपुढे. दोन पट्ट्या जोडताना 10 सेंटिमीटर एकावर एक घ्याव्यात. शिडकाव्याच्या खडबडीतपणामुळे जाळी भिंतीपासून थोडी सुटी राहते, तिच्यामागे माल जातो आणि ती गिलाव्याच्या पोटात बसते. दहा बाय बारा फुटांच्या खोलीत बीमखालच्या सांध्याला लागते सुमारे साडेतेरा मीटर पट्टी. कॉलमच्या उभ्या सांध्यांना वेगळी. जाळी ढिली राहिली तर गिलावा फुगतो. वाळल्यावर हातोडीच्या दांड्याने ठोकले की पोकळ आवाज येतो. तो भाग तेव्हाच काढून पुन्हा करावा.

आता जाळीच्या बाजूने बोलतानाही एक गोष्ट कबूल केली पाहिजे. जाळी हालचाल थांबवत नाही. ती एका रुंद भेगेचा ताण पट्टीभर वाटून देते, त्यातून डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक रेषा उरतात. आमच्याकडच्या पावसात हाच फरक मोठा आहे, कारण बाहेरच्या भिंतीवर वाऱ्याने आडवा येणारा पाऊस रुंद भेगेतून सरळ आत शिरतो आणि खोलीत बीमखाली ओलीचा पट्टा उतरतो. स्वस्त, मुलामा नसलेली जाळी मात्र नको. ती गंजली की गिलाव्यावर तपकिरी डाग उठतात. झऱ्याचे पाणीही मालाला वापरू नये, त्यातले क्षार लोखंडाला मारक ठरतात.

आणि जाळी फक्त सांध्यासाठी. भेग तिरकी, पायऱ्यांसारखी विटांमधून चढत असेल, किंवा दारावरून कोपऱ्यात जात असेल, तर ती बीम आकसल्याची खूण नसते. बहुधा पाया खचलेला असतो. नदीकाठच्या गाळाच्या जमिनीवर हे घडते, आणि जुलै 2021 च्या महापुरात भिजलेल्या घरांत तर डोळ्यांत तेल घालून पाहावे. अशा भेगेवर जाळी मारून गिलावा करणे म्हणजे दुखणे झाकणे. आधी भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने खुणा करून दोन-तीन महिने अंतर मोजावे. ते वाढत असेल तर गवंड्याला न बोलावता अभियंत्याला पाया दाखवावा.