नुक्ता जिथे टिकतो, तिथेच पेनाचा लॅपटॉप

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्याकडे दोन गोष्टी ठरलेल्या असतात. मोहल्ल्यातली एखादी कमिटी गुणवंतांचा सत्कार ठेवते, आणि दोन-चार पालक विचारायला येतात, "सर, मुलाला कॉलेजला लॅपटॉप घ्यायचाय. तो पूर्ण उलटा दुमडतो, टच आहे, पेनाने लिहिता येतं, तसला घेऊ का?" दुकानदाराने त्यांना सांगितलेलं असतं की आता वह्यांची गरजच उरणार नाही. यंदा एका कमिटीनेही हाच प्रश्न विचारला, कारण बक्षीस म्हणून असे लॅपटॉप द्यावेत असा विचार चालू होता. त्यांना जे सांगितलं ते इथे सविस्तर लिहितो.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. त्यामुळे या यंत्राचा उपयोग कुठे होतो आणि कुठे होत नाही, हे एकाच दिवसात दोन तासिकांमध्ये दिसतं. मराठीच्या तासाला मला स्क्रीनवर पेनाने लिहायची गरज क्वचितच पडते. देवनागरी कीबोर्डवर सरळ उमटते, आणि टंकलेला 'क्ष' किंवा 'द्ध' मुलांना वाचता येतो. उर्दूचं तसं नाही. उर्दू आपण नस्तालीक लिपीत लिहितो. तिच्यात शब्द उजवीकडून वरून सुरू होतो आणि डावीकडे खाली उतरत जातो. एकच अक्षर शेजारी कोण आहे ते पाहून रूप बदलतं. 'बे' एकटं असलं तर लांबट नावेसारखं दिसतं, 'बच्चा' या शब्दात 'चे'ला जोडताना त्याचा नुसता एक छोटा दात उरतो, आणि तो 'बे'चा आहे हे फक्त खालच्या एका नुक्त्यावरून कळतं.

ही लिपी छापणं किती अवघड होतं, ते तिच्या इतिहासावरून दिसतं. शिशाच्या खिळ्यांत नस्तालीक नीट बसली नाही, म्हणून उर्दू वर्तमानपत्रं कित्येक दशकं कातिबांच्या हातानेच लिहिली गेली. १९८१मध्ये मिर्झा अहमद जमील यांची 'नूरी नस्तालीक' संगणकावर आली, तेव्हा तिच्यासाठी सुमारे वीस हजार जोडरूपं आधी तयार करून ठेवावी लागली होती. १९९४मध्ये आपल्या देशात 'इनपेज' आलं आणि उर्दूची डीटीपी घरोघरी पोचली. आज मोबाइलवरही उर्दू टाइप होते.

पण टाइप केलेला शब्द तयार होऊनच समोर येतो. शिक्षकाला मात्र तो तयार कसा होतो हे दाखवायचं असतं. कलम कुठे टेकली, दात कुठे आला, उतार कुठून घेतला, आणि सगळा शब्द लिहून झाल्यावर नुक्ते कसे लावले, हे सगळं. कीबोर्ड हे दाखवू शकत नाही. म्हणून माझं मत असं की पेनाच्या लॅपटॉपचा खरा लाभार्थी नोट्स घेणारा विद्यार्थी नसून, ज्याचं लिखाण कीबोर्डमध्ये मावत नाही असा शिकवणारा आहे. उर्दूचा शिक्षक, गणिताचा शिक्षक, रसायनशास्त्राच्या आकृत्या काढणारा शिक्षक.

काम प्रत्यक्षात कसं होतं ते सांगतो. सहावीच्या एका मुलीच्या वहीचं पान घ्या. तिने 'बच्चा'मधला 'बे'चा दात 'चे'च्या पोटातच गाडून टाकला आहे आणि नुक्ता दोन अक्षरांच्या मधोमध दिला आहे. पानाचा मोबाइलवर फोटो घ्यायचा आणि तो वननोटमध्ये टाकायचा. मग फोटोवर राइट क्लिक करून `Set Picture as Background` निवडायचं. ही पायरी सोडली तर लिहिताना फोटोच पेनाबरोबर सरकत राहतो. आता तिच्याच अक्षरावर लाल रंगाने दात काढून दाखवायचा, हिरव्याने नुक्ता योग्य जागी द्यायचा, आणि प्रोजेक्टर असेल तर हे सगळं वर्गासमोरच करायचं. मुलं चूक आणि दुरुस्ती एकाच जागी, एकमेकांवर पाहतात. फळ्यावर मी तोच शब्द शंभरदा लिहिला तरी तो माझा शब्द असतो, तिचा नसतो.

बालभारतीच्या उर्दू पुस्तकांचे पीडीएफही असेच वापरता येतात. एज ब्राउझरमध्ये पीडीएफ उघडून `Draw` दाबलं की धड्यावरच खुणा करता येतात. हाताने लिहिलेली उर्दू नंतर शोधायची सोय मात्र इंग्रजीसारखी भरवशाची नाही, म्हणून प्रत्येक पानाला शीर्षक टंकूनच द्यावं. आणि चाळीस मुलांच्या सगळ्या वह्या अशा तपासायला कुणाला वेळ नाही. आठवड्याला चार-पाच पानं, नाव झाकून, एवढंच जमतं. बाकीच्या वह्यांसाठी लाल पेन आहेच.

आता खरेदीचं. इथेच बहुतेक लोक फसतात, कारण 'टचस्क्रीन' आणि 'पेन चालणारी स्क्रीन' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रबरी टोकाची स्वस्त कांडी कुठल्याही टचस्क्रीनवर चालते, पण स्क्रीनच्या दृष्टीने ती फक्त एक जाड बोट असते. तळहात टेकला की स्क्रीन त्यालाही बोटच समजते आणि भलत्याच जागी रेघा उमटतात. उर्दूत हा त्रास जास्त होतो. उजव्या हाताने उजवीकडून डावीकडे लिहिताना तळहात नेमका आत्ताच लिहिलेल्या भागावर असतो. खऱ्या पेनाला स्क्रीनच्या आत वेगळी यंत्रणा लागते. ती पेन ओळखते आणि पेन जवळ असताना तळहाताकडे दुर्लक्ष करते. असा पेन बहुतेक वेळा वेगळा विकत घ्यावा लागतो, आणि एका कंपनीचा पेन दुसऱ्या लॅपटॉपवर चालेलच असं नाही. काही पेनांना बॅटरी लागते, काहींना लागत नाही. हे पैसे देण्याआधी विचारून घ्यावं.

दुकानात तीन गोष्टी करून पाहाव्यात. पहिली, पेन स्क्रीनपासून अर्धा सेंटिमीटर वर धरा. स्पर्श न करताच स्क्रीनवर छोटा ठिपका दिसला तर आत पेनाची यंत्रणा आहे. दुसरी, पट्टी ठेवून एक तिरकी रेघ अगदी हळूहळू ओढा. हलक्या स्क्रीनवर ती सरळ न येता सापासारखी वळवळते. इंग्रजी भरभर लिहिणाऱ्याला हे कळणारही नाही, पण नस्तालीक म्हणजे सगळे उतारच, आणि शिकवताना ते सावकाशच काढावे लागतात. तिसरी, तळहात टेकवून हलक्या हाताने वीस-पंचवीस नुक्ते द्या आणि मोजा. काही पेनांना उमटण्यासाठी जोर लागतो आणि हलका ठिपका गळून जातो. इंग्रजीतल्या 'आय'वरचा ठिपका गळला तर काही बिघडत नाही. आपल्याकडे वरचा नुक्ता खाली गेला की 'खुदा'चा 'जुदा' होतो, आणि तो गळलाच तर दोन्ही उरत नाहीत.

या पेनाची एक मर्यादाही सांगायला हवी. खुशखत, म्हणजे सुलेखन, शिकवायचं असेल तर हा लॅपटॉप कामाचा नाही. बोरूच्या कलमेचं टोक तिरकं कापलेलं असतं. त्या कापामुळेच 'बे'ची आडवी रेघ भरदार येते आणि उभा अलिफ बारीक राहतो. स्क्रीनच्या पेनाचं टोक गोल असतं. जोर दिला की रेघ जाड होते, पण कलमेचा कोन त्यात येत नाही. इंकस्केपसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये टोकाचा कोन ठरवून देता येतो, तरी कलम बोटांत धरायची सवय त्यातून लागत नाही. त्यासाठी साधा उपाय आहे. मोबाइल स्टँडवर उलटा लटकवा, खाली कागद आणि कलम ठेवा, आणि मोबाइल प्रोजेक्टरला जोडा. सुलेखन शिकवायला हे जास्त चांगलं, आणि खर्च फक्त स्टँडचा.

मग कॉलेजला जाणाऱ्या मुलाचं काय? आपल्याकडच्या बीए, बीकॉम, बीएडच्या वर्गांत बराचसा वेळ सांगितलेलं उतरवून घेण्यात जातो. त्याला वही पुरते. वही चार्ज करावी लागत नाही, आणि गावाकडे लाइट कधी जाईल याचा नेम नसतो. शिवाय परीक्षा अजून कागदावरच आहे. दहावीचा ८० गुणांचा भाषेचा पेपर तीन तास हाताने लिहावा लागतो, कॉलेजचे पेपरही तसेच. गुळगुळीत काचेवर लिहून तो हात तयार होत नाही. त्याच किमतीत पेनाशिवायचा साधा लॅपटॉप जास्त वेगवान मिळतो, आणि प्रोजेक्ट, फॉर्म, टायपिंग या त्याच्या खऱ्या कामांना तोच उपयोगी पडतो. अपवाद आहेत. अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजात शिकणाऱ्या मुलीला शरीररचनेच्या आकृत्यांवर नावं लिहायची असतील, किंवा कुणी इंजिनिअरिंगला असून पीडीएफवरच गणितं सोडवत असेल, तर पेनाचे पैसे वसूल होतात.

ज्या शाळेत आधीच संगणक आहे, तिला नवा लॅपटॉप घेण्याचीही गरज नाही. यूएसबीने जोडायची लिहिण्याची पाटी बाजारात मिळते. तिच्यात स्क्रीन नसते. हात खाली टेबलावर आणि नजर समोर, अशी सवय व्हायला काही दिवस लागतात. गणिताला ती उत्तम. उर्दूला मात्र दात आणि नुक्ता नेमक्या जागी पडायला जास्त सराव लागतो.

म्हणून कमिटीला मी सांगितलं की दहा गुणवंतांना पेनाचे दहा लॅपटॉप देऊ नका. त्यांना द्यायचेच असतील तर साधे, टिकाऊ लॅपटॉप द्या. पेनाचा एक लॅपटॉप घ्या, तो शाळेच्या स्टाफरूममध्ये प्रोजेक्टरशेजारी ठेवा, आणि उर्दूच्या, गणिताच्या, विज्ञानाच्या शिक्षकांना आळीपाळीने वापरू द्या. सत्काराच्या फोटोत एक लॅपटॉप फारसा उठून दिसणार नाही, हे खरं. पण दहा घरांत दहा पेन ड्रॉवरमध्ये पडून राहण्यापेक्षा एका वर्गातल्या चाळीस मुलांना आपला नुक्ता कुठे चुकला हे दिसलं, तर तो पैसा जास्त कामी आला असं मी म्हणेन.