छायाचित्रात न मावलेली शाळा

शाळांच्या सुवर्णमहोत्सवी माहितीपटांत एकच शाळा पुन्हा पुन्हा दिसते, असे आम्हांला वाटत आले आहे. याचा पहिला दोष जुन्या कॅमेऱ्याकडे जातो. १९७०च्या दशकात तालुक्याहून येणाऱ्या छायाचित्रकाराच्या साध्या बॉक्स कॅमेऱ्यात एका रोलवर चौकोनी बाराच चित्रे निघत. रोल, धुलाई, छपाई, सगळ्यालाच पैसे पडत. म्हणून ती बारा चित्रे पाहुण्यांच्या हारतुऱ्यांसाठी आणि दहावीच्या निरोप समारंभासाठी राखली जात. फळा, पाण्याचा रांजण, शाळेकडे येणारी पायवाट यांच्या वाट्याला एकही चित्र येत नसे. पन्नास वर्षांची छायाचित्रे एकत्र केली की हाती लागतो तो पन्नास वर्षांच्या पाहुण्यांचा इतिहास.

परभणी जिल्ह्यातील एका गावी जून १९७४मध्ये सुरू झालेल्या माध्यमिक शाळेसाठी आम्ही अशी पटकथा लिहिली. संग्रहात एक विलक्षण चित्र होते : झाडाखाली रांगेत बसलेली मुले, प्रत्येकापुढे ताटली. पहिल्या तुकडीतील चार माजी विद्यार्थ्यांनी ते चित्र हाती घेऊन कॅमेऱ्यासमोर एकच सांगितले, की ही दुष्काळातली सुकडी. आईबाप खडी फोडायला जात आणि आम्ही सुकडीसाठी शाळेत येत असू. सांगताना एकाचा आवाज भरून आला. चित्र आणि आठवण इतकी चपखल जुळत होती की समितीने तो प्रसंग माहितीपटाच्या आरंभीच घ्यायचे ठरवले.

पण १९७२चा दुष्काळ पुढच्या वर्षीच्या पावसाबरोबर ओसरला होता आणि ही शाळा तर त्यानंतर वर्षभराने उघडली. आम्ही शेरेबुक मागवले. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने लिहिले होते, की वर्ग मारुतीच्या सभामंडपात भरतात. पत्र्याच्या तीन खोल्यांचा पहिला उल्लेख १९७९चा. चित्रात मुलांच्या मागे त्याच खोल्या स्पष्ट दिसतात. म्हणजे ते चित्र १९७९च्या आधीचे असूच शकत नाही; पुढे दोघा शिक्षकांनी ते वनभोजनाचे असल्याचे ओळखले. माजी विद्यार्थी खोटे बोलत नव्हते. सुकडी त्यांनी खाल्ली होती, पण आधीच्या प्राथमिक शाळेत. चित्र समोर येताच आठवण त्याच्यात जाऊन बसली. म्हणून मुलाखत घेताना आधी बोलू द्यावे आणि छायाचित्र नंतर दाखवावे, असा आमचा आग्रह आहे.

समितीतील काहींचे म्हणणे होते, की भावना खरी आहे, मग चित्र कोणत्या साली काढले याला काय महत्त्व? आम्हांला हे मान्य नाही. पडद्यावर आवाज आणि चित्र एकत्र आले की प्रेक्षक त्याला पुरावा मानतो, आणि पुढच्या महोत्सवात हाच माहितीपट साधन म्हणून वापरला जाईल. आम्ही सुकडीची आठवण ठेवली, पण तिच्याखाली आजची रिकामी पायवाट दाखवली. वनभोजनाचे चित्र वनभोजन म्हणूनच, पुढे, आनंदाच्या जागी आले.

दुसरी गोष्ट याहून अवघड होती. मार्च १९७७मध्ये दहावीला बसलेल्या पहिल्या तुकडीच्या छायाचित्रात दोन मुली आहेत. जनरल रजिस्टरात त्याच तुकडीच्या आठवीला नऊ मुलींची नावे सापडली. उरलेल्या सात जणींपुढे, शाळा सोडल्याच्या कारणाच्या रकान्यात, ‘सतत गैरहजर’ किंवा ‘पालकांचा अर्ज’ एवढेच. मुलाखतींसाठी मिळालेल्या यादीत त्यांपैकी कोणीही नव्हते, कारण यादी उत्तीर्णांच्या व्हॉट्सॲप गटांवरून केली होती. शाळा सोडलेली मुलगी माजी विद्यार्थिनी नसते काय?

एक बाई शेजारच्याच गावात भेटल्या. नववीत असताना लग्न ठरले आणि त्या वर्षीची कापसाची वेचणी सासरच्या शेतात झाली, असे त्यांनी सांगितले. शाळेतला आपला बाक कोणत्या खिडकीशी होता, हे मात्र त्यांना नेमके आठवत होते. त्यांचे एकही छायाचित्र शाळेत नाही. आम्ही रजिस्टराचे ते पान पडद्यावर धरले, कॅमेरा सावकाश त्यांच्या नावापासून कारणाच्या रकान्यापर्यंत नेला आणि निवेदन ठेवले नाही. केवळ त्यांचा आवाज. कॅनडात १९५७मध्ये निघालेल्या ‘सिटी ऑफ गोल्ड’ या लघुपटाने स्थिर छायाचित्रावरून कॅमेरा फिरवून ओस पडलेले शहर जिवंत केले होते. हस्ताक्षरावरूनही तेवढेच साधते, असे आम्हांला या वेळी दिसले.

सुवर्णमहोत्सवी पटकथा लिहिणाऱ्याने आल्बम उघडण्याआधी जनरल रजिस्टर आणि शेरेबुक वाचावे. आल्बम शाळेला कसे दिसायचे होते ते सांगतो. शाळेत कोण आले आणि कोण मध्येच गेले, हे त्या दोन वह्यांतच सापडते.