'तत्त्वतः मंजुरी'चं इंग्रजी काय लिहिलंत?

सप्टेंबर संपत आला की गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा उरकण्याची घाई सुरू होते. ३० सप्टेंबरची मुदत पाळली जाते, चहा-सामोसे होतात आणि सगळे घरी जातात. सभेत नेमकं काय ठरलं याचा वाद मात्र इतिवृत्त व्हॉट्सअॅपवर आल्यावर सुरू होतो. इतिवृत्त मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत असेल, तर वादाला दुप्पट जागा मिळते.

पुण्यातल्या ४८ सदनिकांच्या आमच्या संस्थेत हे घडलं. गच्चीतून वरच्या मजल्यावर पाणी झिरपत होतं. सभेत तासभर चर्चा झाली आणि मराठी इतिवृत्तात लिहिलं गेलं, 'वॉटरप्रूफिंगला तत्त्वतः मंजुरी देण्यात आली. तीन दरपत्रके मागवून समितीने पुढील कार्यवाही करावी.' परगावी राहणाऱ्या सदनिकाधारकांसाठी कुणीतरी रात्री त्याचं इंग्रजी केलं. त्यात 'तत्त्वतः' गळालं आणि नुसतं 'अप्रूव्ड' उरलं. पैसे कुठून, तर 'रिझर्व्हमधून'.

पुढचे चार महिने दरपत्रकं आलीच नाहीत, कारण 'समितीने' म्हणजे कुणी, हे समितीलाही माहीत नव्हतं. फेब्रुवारीत दोन दरपत्रकं आली. इंग्रजी प्रत वाचून खजिनदारांनी मार्चमध्ये कंत्राटदाराला आगाऊ रक्कम दिली. मराठी प्रत वाचणाऱ्या सभासदांनी हरकत घेतली, 'सभेने फक्त तत्त्वतः मान्यता दिली होती, खर्चाला नाही.' दोन्ही बाजू आपापल्या कागदाप्रमाणे बरोबर होत्या. काम थांबलं आणि जूनमध्ये त्याच घरात पुन्हा बादल्या लागल्या.

भाषांतर सभेनंतर नको

माझं मत असं की द्विभाषिक इतिवृत्ताचं भाषांतर करूच नये. निदान ठरावाचं तरी नको. ठरावाचे शब्द दोन्ही भाषांत सभेतच, मतदानाच्या आधी, वाचून दाखवावेत. चर्चेचा सारांश नंतर सवडीने लिहिता येतो, तो एकाच भाषेत असला तरी चालतं. पण हात वर करणाऱ्याला आपण कशासाठी हात वर करतोय, हे त्याच्या भाषेत ऐकू आलं पाहिजे. यात एका विषयामागे दोन-तीन मिनिटं जातात. 'वेळ नाही' म्हणणाऱ्या सभासदांनी आमचा पावसाळा आठवावा.

काही शब्द जपून वापरावे लागतात. 'तत्त्वतः मंजुरी', 'मंजुरी' आणि 'नोंद घेण्यात आली' या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. इंग्रजीत त्या 'अप्रूव्ड इन प्रिन्सिपल', 'रिझॉल्व्ड' आणि 'नोटेड' अशाच उतरल्या पाहिजेत. कुणी विरोध केला असेल, तर 'सर्वानुमते' लिहू नये. 'बहुमताने' लिहून बाजूने, विरोधात आणि तटस्थ असे आकडे द्यावेत. निधीच्या नावाबाबत तर फारच सावध राहावं. 'राखीव निधी' हा सहकार कायद्यातला स्वतंत्र निधी आहे, 'दुरुस्ती निधी' वेगळा आणि 'सिंकिंग फंड' त्याहून वेगळा. बोलताना आपण सगळ्यांनाच 'रिझर्व्ह' म्हणतो. लिहिताना तसं केलं की लेखापरीक्षक विचारणारच. म्हणून निधीचं नाव ताळेबंदात आहे तसंच, दोन्ही भाषांत, घ्यावं.

आमचा तो ठराव पुन्हा असा लिहिला गेला: 'गच्चीचे वॉटरप्रूफिंग करांसह कमाल ४,८०,००० रुपयांत, दुरुस्ती निधीतून करून घेण्यास ही सभा मंजुरी देत आहे. किमान तीन दरपत्रके घेऊन कंत्राटदाराची निवड व्यवस्थापक समिती करील. काम फेब्रुवारीअखेर पूर्ण व्हावे.' खाली सूचक, अनुमोदक आणि मतांचे आकडे. त्याच क्रमांकाखाली लगेच इंग्रजी ठराव. त्यातही कमाल रक्कम, निधी, निवडीचा अधिकार आणि मुदत या चारही गोष्टी आहेत का, हे बोट ठेवून तपासलं. एखादी गोष्ट एकाच भाषेत असेल, तर ठराव अजून तयार नाही.

दोन प्रतींत तरीही फरक निघाला तर कोणती ग्राह्य, हे सभेनेच आधी एकदा ठरवून प्रत्येक इतिवृत्ताच्या शेवटी छापावं. मी मराठीच्या बाजूने आहे. आमची सभा मराठीत बोलते आणि उपनिबंधक कार्यालयाचा पत्रव्यवहारही मराठीत चालतो. जिथे सभाच इंग्रजीत किंवा हिंदीत होते, तिथे वेगळं ठरू शकतं.

'करण्यात यावे' म्हणजे कुणी करावे?

मराठी इतिवृत्ताची खरी दुखरी जागा कर्मणी प्रयोगात आहे. 'पाठपुरावा करण्यात यावा', 'संबंधितांनी दखल घ्यावी' ही वाक्यं व्याकरणात चोख असतात, पण त्यात माणूस नसतो. इंग्रजीतही कर्ता असाच नाहीसा होतो, त्यामुळे भाषांतराने काही सुधारत नाही.

उपाय म्हणजे ठराव आणि काम वेगळं लिहिणं. ठरावात पद लिहावं, कारण व्यक्ती राजीनामा देते, पण ठराव राहतो. त्याखालच्या कामाच्या ओळीत मात्र पूर्ण नाव, सदनिका क्रमांक आणि तारीख हवी. आमच्या ठरावाखाली तीन ओळी आल्या. तीन दरपत्रकं ३१ ऑक्टोबरपर्यंत सचिव आणतील. त्यांचा तुलनातक्ता १५ नोव्हेंबरच्या समिती सभेत खजिनदार ठेवतील. कार्यादेशावर ३० नोव्हेंबरपर्यंत अध्यक्ष सही करतील. प्रत्येक ओळीत एकच नाव. 'सचिव व खजिनदार' असं लिहिलं की दोघंही दुसऱ्याची वाट बघतात.

नाव लिहिण्याआधी त्या माणसाने सभेत 'हो' म्हटलेलं असावं. गैरहजर सभासदाच्या गळ्यात काम घालण्याची आपल्याकडे जुनी हौस आहे. तसलं काम होत नाही आणि वर भांडण होतं. पगारी व्यवस्थापकाचं नावही नको. तो धावपळ करील, पण उत्तर देणारा सभासदच हवा. कामसुद्धा असं लिहावं की ते झालं की नाही यावर दोघांचं दुमत होणार नाही. 'पाठपुरावा' कधीच संपत नाही, पण 'तीन दरपत्रके' मोजता येतात.

तारखेत महिन्याचं नाव अक्षरात लिहा. ०५/१०/२०२५ ही आपल्याला ५ ऑक्टोबर वाटते, अमेरिकेतल्या सदनिकाधारकाला १० मे. नावांचं इंग्रजी स्पेलिंग भागप्रमाणपत्रावर आहे तसंच ठेवा.

मसुदा फोनवर वाचता येतो का?

आदर्श उपविधींनुसार सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्ताचा मसुदा सभासदांना पाठवून त्यांच्या हरकती घ्यायच्या असतात आणि नंतर समितीने तो अंतिम करायचा असतो. हा मसुदा बहुतेक जण मोबाइलवरच उघडतात. डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी असा दोन रकान्यांचा कागद छापून देखणा दिसतो, पण फोनवर सतत सरकवावा लागतो. मग कुणी दोन्ही बाजू ताडून बघत नाही. एकाखाली एक लिहा. मराठी युनिकोडमध्येच टंकित करा, नाहीतर मजकूर दुसरीकडे चिकटवला की अक्षरांचा चुरा होतो.

हरकत आली तर दोन्ही प्रती एकाच वेळी दुरुस्त करायच्या. पुढच्या सभेत 'मागील इतिवृत्त वाचून कायम करणे' हा पहिला विषय येतो, तेव्हा कामांच्या ओळी नावासकट वाचायच्या आणि प्रत्येकापुढे 'झाले' किंवा 'नाही' लिहायचं. आमच्याकडे यंदा तीनपैकी दोन 'झाले' आहेत. कार्यादेशाची ओळ अध्यक्षांनी उभं राहून स्वतःच वाचली आणि नवी तारीख मागितली.