एक 'पॅरोल' आणि तीन प्रकारच्या सुटका

भाषाविज्ञानाच्या घटकात आपण सोस्यूरची 'लांग' आणि 'पारोल' ही जोडी अभ्यासली आहे. लांग म्हणजे समाजाच्या मनात असलेली भाषाव्यवस्था, तर पारोल म्हणजे व्यक्तीने प्रत्यक्ष केलेला उच्चार. ही जोडी शिकवीत असताना एका विद्यार्थ्याने मला विचारले होते, "सर, मग तुरुंगातला पॅरोल आणि हा पारोल यांचा काही संबंध आहे का?" वर्गात हशा पिकला, परंतु प्रश्न अगदी योग्य होता. दोन्ही ठिकाणी शब्द एकच आहे. फ्रेंच भाषेत त्याचा अर्थ बोललेला शब्द, आणि त्यावरून दिलेला शब्द, म्हणजे वचन. परत येईन असे वचन देऊन बंदिवासातून काही काळ बाहेर पडणे, या अर्थाने तो इंग्रजीत गेला आणि इंग्रजीतून आपल्याकडे आला.

महाराष्ट्राच्या कारागृह प्रशासनात या शब्दाला 'अभिवचन रजा' असा प्रतिशब्द आहे. शासकीय परिभाषेची टवाळी करण्याची आपल्याला सवय असली, तरी हा शब्द घडविणाऱ्याने पॅरोलच्या मुळाशी असलेले वचन अचूक ओळखले आहे, हे मान्य करावे लागते. 'फर्लो'साठी त्याच परिभाषेत 'संचित रजा' हा शब्द आहे. फर्लो मुळात डच भाषेतला. तेथे त्याचा अर्थ रजा एवढाच होता. 'संचित' हे विशेषण मात्र मराठीने आपल्या पदरचे जोडले. (आपल्या कानांना संचित म्हटले की प्रारब्ध आठवते, कैद्याच्या बाबतीत दोन्ही अर्थ लागू पडावेत, हा योगायोग.) ठरावीक शिक्षा भोगून आणि वर्तन चांगले ठेवून साठत गेलेली, म्हणजे कमावलेली रजा, असा त्याचा आशय आहे.

वृत्तपत्रांच्या गुन्हेवार्तांमध्ये मात्र हे दोन्ही शब्द क्वचितच आढळतात. तेथे 'पॅरोल' हा एकच शब्द सर्वत्र वापरला जातो, आणि कधी कधी तर जामिनावर सुटलेल्या माणसालाही तोच चिकटविला जातो. माझा आक्षेप पॅरोल हा शब्द परका असण्याला नाही. मथळ्यात बसणारा, सर्वांना कळणारा तो शब्द आहे. आक्षेप आहे तो तीन निरनिराळ्या गोष्टी एका नावाखाली जमा करण्याला.

या तिन्ही गोष्टी एकाच माणसाच्या वाट्याला आल्याचे सर्वज्ञात उदाहरण म्हणजे अभिनेता संजय दत्त यांचे. 1993 मध्ये त्यांना अटक झाली आणि 1995 च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला. त्या वेळी खटला चालू होता, दोष सिद्ध झालेला नव्हता. 2007 मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्यांना शस्त्रास्त्रविषयक कायद्याखाली दोषी ठरवून सहा वर्षांची शिक्षा सुनावली, आणि त्यानंतरही त्यांना जामीन मिळाला. येथे अनेक वार्ताहर गोंधळतात: शिक्षा झाल्यावर जामीन कसा? शिक्षेविरुद्धचे अपील प्रलंबित असताना वरिष्ठ न्यायालय शिक्षेची अंमलबजावणी थांबवून जामीन देऊ शकते. म्हणजे अंतिम निर्णय अद्याप व्हायचा आहे, हे गृहीत दोन्ही वेळच्या जामिनांमागे होते.

मार्च 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच वर्षांची शिक्षा कायम केली. मे महिन्यात ते शरण आले आणि त्यांची रवानगी येरवड्याला झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते चौदा दिवसांसाठी बाहेर आले आणि ही मुदत आणखी चौदा दिवसांनी वाढली. ती फर्लो, म्हणजे संचित रजा होती. डिसेंबरमध्ये पत्नीच्या आजारपणाच्या कारणावरून त्यांना तीस दिवस मिळाले आणि पुढे त्यांनाही मुदतवाढ मिळाली. तो पॅरोल, म्हणजे अभिवचन रजा होती. दोन्ही वेळा तो माणूस त्याच तुरुंगातून आपल्या घरी गेला. वाचकाला वाटले, पुन्हा सुटला. परंतु संचित रजेला विशिष्ट कारण द्यावे लागत नाही. दीर्घ कारावासाचा एकसुरीपणा तुटावा आणि कुटुंबाशी असलेला धागा टिकावा, हाच तिचा हेतू असतो. अभिवचन रजेला मात्र कारण लागते: घरातील मृत्यू, गंभीर आजार, लग्नकार्य, यांसारखे. ते कारण खरे आहे की नाही, हे प्रशासनाने पडताळून पाहायचे असते.

दुसरा भेद बातमीत जवळजवळ कधीच येत नाही. महाराष्ट्राच्या 1959 च्या नियमांनुसार संचित रजेचे दिवस शिक्षेत धरले जातात. अभिवचन रजेचे धरले जात नाहीत. पहिल्या रजेत घरी असतानाही शिक्षेचे घड्याळ चालू असते, दुसरीत ते थांबते आणि बाहेर काढलेले दिवस पुढे तुरुंगात भरून द्यावे लागतात. जामिनावरील वर्षेही शिक्षेतून वजा होत नाहीत; खटल्याच्या काळात प्रत्यक्ष कोठडीत काढलेले दिवस तेवढे वजा होतात. म्हणूनच 'महिनाभर पॅरोल उपभोगला' असे लिहिणारा वार्ताहर शिक्षा महिन्याने कमी झाल्याचा जो समज करून देतो, तो चुकीचा असतो. असे असले तरी संचित रजा हा कैद्याचा निरपवाद हक्क नव्हे. सार्वजनिक शांततेच्या कारणाने ती नाकारता येते.

या सर्वांत 'जामीन' हा शब्द सर्वांत जुना. अरबीतून फारसीमार्गे आलेल्या या शब्दाचा अर्थ होता हमी देणारा माणूस. आपल्याकडे 'जामीन राहणे' हा प्रयोग अजून त्याच अर्थाने टिकून आहे. पुढे हमीदाराचा अर्थ सुटकेला चिकटला, आणि मग त्या माणसासाठी 'जामीनदार' असा नवा शब्द करावा लागला. अर्थसंक्रमणाचे हे उदाहरण परीक्षेत लिहिण्याजोगे आहे. रजा प्रशासन देते, तर जामीन प्रामुख्याने न्यायालय.

गोंधळाची खरी किंमत कोण मोजतो, हे 2020 साली दिसले. कोविडमुळे तुरुंगांतील गर्दी कमी करताना शिक्षा झालेल्यांना आकस्मिक अभिवचन रजा देण्यात आली, आणि खटला प्रलंबित असलेल्या अनेकांना तात्पुरता जामीन. कारागृहाच्या भाषेत पहिले 'सिद्धदोष बंदी', दुसरे 'न्यायाधीन बंदी'. पॅरोलवर सुटलेले कैदी असे म्हणून दोघांना एकत्र मोजले, की ज्याचा खटला अजून उभाही राहिलेला नाही तो गावाच्या नजरेत शिक्षा झालेला गुन्हेगार ठरतो. पुढे तो निर्दोष सुटला तरी ती बातमी पहिल्या बातमीच्या आकाराची क्वचितच असते.

अपवादही लक्षात ठेवावा. दिल्लीच्या बातम्यांत 'कस्टडी पॅरोल' असा शब्द येतो. खटला चालू असलेल्या बंद्यालाही न्यायालय काही तासांसाठी किंवा दिवसांसाठी पोलीस पहाऱ्यात बाहेर नेण्याची मुभा देते. येथे सुटका होतच नाही, कोठडीच बंद्याबरोबर चालत जाते. त्यामुळे केवळ 'पॅरोल' हा शब्द पाहून माणूस दोषी ठरला आहे, असेही खात्रीने म्हणता येत नाही.

पुढच्या स्वाध्यायासाठी आपल्या जिल्ह्यातील दैनिकांतून अशा पाच बातम्या कात्रणे करून आणाव्यात. प्रत्येक बातमीत दोष सिद्ध झाला आहे का, सुटकेला कारण दिले आहे का आणि ती कोणी मंजूर केली, हे शोधावे. माझ्या मागच्या तुकडीला पाचांपैकी तिन्ही उत्तरे देणारी एकही बातमी मिळाली नव्हती.