तीनशे डॉलरचे रुपये किती?

आपल्या घरांमध्ये पगाराची स्लिप वाचता येणारी माणसे पूर्वीपासून आहेत. महानगरपालिकेत, रेल्वेत, गिरणीत नोकरी केलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना मूळ पगार किती, कपात किती आणि हातात किती, हे तोंडपाठ असायचे. आता त्याच घरातली मुले-मुली संगणकावर परदेशी माणसाचे काम घेऊ लागली आहेत. कुणी टायपिंग करते, कुणी चित्रे काढते, कुणी दुकानांच्या याद्या तयार करते. ही नोकरी नव्हे. एकेक काम घेऊन त्याचा मोबदला मिळवायचा. पण या मोबदल्याची स्लिप कुणी हातात देत नाही. ती आपली आपणच तयार करावी लागते. या खेपेला तेवढेच करू.

समजा, आपल्या वस्तीतल्या एका मुलीला अमेरिकेतल्या एका दुकानदाराच्या मालाची यादी एक्सेलमध्ये नीट लावून देण्याचे काम मिळाले. मोबदला ठरला ३०० डॉलर. हिशेब सोपा जावा म्हणून त्या दिवशी बाजारात एका डॉलरचे ९० रुपये धरू. हा दर रोज बदलतो. घरात लगेच गुणाकार झाला: ३०० गुणिले ९०, म्हणजे २७,००० रुपये. आईने भिशीचा हप्ता आणि धाकट्याची फी त्यातून धरून ठेवली. प्रत्यक्षात खात्यात जमा झाले २३,२४९ रुपये ५२ पैसे. मधले ३,७५० रुपये ४८ पैसे कुठे गेले? कुणी चोरले नाहीत. ते चार ठिकाणी कापले गेले.

पहिली कपात प्लॅटफॉर्मची. काम देणारा आणि काम करणारा यांची गाठ घालून देणाऱ्या संकेतस्थळाला प्लॅटफॉर्म म्हणतात. दुकानदार पैसे आधी त्याच्याकडे भरतो. काम पसंत पडले की प्लॅटफॉर्म आपली दलाली कापून उरलेले आपल्या नावे जमा करतो. ही दलाली सगळीकडे सारखी नसते. फाइव्हर हा प्लॅटफॉर्म काम करणाऱ्याकडून शंभरातले २० घेतो. इतर ठिकाणी ती कमी-जास्त असते. आपल्या उदाहरणात १० टक्के धरू. म्हणजे ३० डॉलर गेले.

दुसरी कपात पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. त्या ३० डॉलरच्या दलालीवर १८ टक्के जीएसटी लागतो. परदेशी कंपनी इंटरनेटवरून भारतातल्या माणसाला सेवा विकते तेव्हा तिने तो कर गोळा करून आपल्या सरकारकडे भरायचा असतो. ज्याची स्वतःची जीएसटी नोंदणी नाही त्याच्या पैशातून तो असा कापला जातो. ३० डॉलरचे १८ टक्के म्हणजे ५ डॉलर ४० सेंट. लक्षात ठेवा, हा कर पूर्ण ३०० वर नाही, फक्त दलालीवर आहे. राहिले २६४ डॉलर ६० सेंट.

तिसरी कपात पैसे काढण्याची. प्लॅटफॉर्मवरची रक्कम आपल्या बँकेत पाठवायला सांगितली की दर खेपेला ठराविक शुल्क जाते. आपण ते १ डॉलर धरू. राहिले २६३ डॉलर ६० सेंट. रक्कम लहान असो की मोठी, हा डॉलर जातोच. म्हणून दर आठवड्याला तीस-तीस डॉलर काढणाऱ्याचे शंभरातले तीनाहून जास्त याच वाटेने जातात. महिन्यातून एकदाच १२० डॉलर काढले तर शंभरातला एकही पुरता जात नाही.

चौथी कपात सर्वांत फसवी, कारण ती कपात म्हणून कुठे लिहिलेलीच नसते. आपल्या जुन्या माणसांकडे तिच्यासाठी छान शब्द होता: वटणावळ. एका चलनाचे दुसरे चलन करून देणारा त्यात आपला वाटा ठेवतो, तो हा. बाजारात डॉलर ९० रुपयांना असताना पैसे बदलून देणाऱ्याने ८८ रुपये २० पैसे भाव लावला. पडद्यावर शुल्काच्या जागी शून्य दिसले तरी एका डॉलरमागे १ रुपया ८० पैसे गेलेच. २६३.६० डॉलरवर हे ४७४ रुपये ४८ पैसे झाले. "बदलून देण्याचे काही घेत नाही" असे लिहिलेले दिसले की आधी भाव बघावा.

आता स्लिप मांडू. दलालीचे २,७०० रुपये, तिच्यावरच्या जीएसटीचे ४८६, पैसे काढण्याचे ९० आणि वटणावळीचे ४७४ रुपये ४८ पैसे. बेरीज ३,७५० रुपये ४८ पैसे. शंभरातले जवळजवळ चौदा.

वटणावळ ओळखायची युक्ती एका भागाकाराची आहे. खात्यात जितके रुपये आले त्यांना प्लॅटफॉर्मवरून निघालेल्या डॉलरने भागा. २३,२४९.५२ भागिले २६३.६० म्हणजे ८८.२०. हा आपल्याला मिळालेला खरा भाव. त्याची तुलना त्या दिवसाच्या संदर्भ दराशी करा. कामकाजाच्या प्रत्येक दिवशी दुपारी एफबीआयएल ही संस्था डॉलरचा संदर्भ दर जाहीर करते. २०१८ पूर्वी हे काम रिझर्व्ह बँक स्वतः करीत असे. या दराने प्रत्यक्षात आपल्याला कुणी पैसे बदलून देणार नाही, पण मोजायला तो फूटपट्टीसारखा उपयोगी पडतो. एक खबरदारी घ्या. रुपये खात्यात येतात त्याच्या एक-दोन दिवस आधीच भाव लावून झालेला असतो. म्हणून भाव लावल्याच्या तारखेचा दर बघावा, जमा झाल्याच्या तारखेचा नव्हे.

यावर कुणी म्हणेल, मग डॉलर थेट आपल्या बँकेत मागवू, बँक तरी बरा भाव देईल. भाव बरा मिळू शकतो, हे खरे. बँका रोज दरपत्रक काढतात. त्यात बाहेरून आलेल्या डॉलरसाठी टीटी बाइंग नावाचा रकाना असतो. आपला भाव तो. तो ८९ रुपये १० पैसे धरू. पण या रस्त्यावर टोलनाके जास्त. प्लॅटफॉर्म अशा वायर ट्रान्सफरचे शुल्क मोठे घेतो. ते ३० डॉलर धरू. वाटेतली मध्यस्थ परदेशी बँक आपले काढून घेते. ते १५ धरू. २६४.६० मधले उरले २१९ डॉलर ६० सेंट, त्यांचे झाले १९,५६६ रुपये ३६ पैसे. मग आपली बँक पैसे आल्याचे शुल्क लावते. जीएसटी धरून २३६ रुपये समजू.

शिवाय चलन बदलण्यावरही जीएसटी आहे. एक लाखापर्यंतच्या रकमेवर तिचा एक टक्का, पण कमीत कमी २५० रुपये, हे सेवेचे मूल्य धरतात आणि त्यावर १८ टक्के लावतात. म्हणून २५,००० रुपयांपर्यंत कितीही बदला, ४५ रुपये जातातच. पासबुकात ४५ रुपयांची अनोळखी नोंद दिसली तर ती बहुधा हीच. हाती उरले १९,२८५ रुपये ३६ पैसे. पहिल्या रस्त्यापेक्षा ३,९६४ रुपये कमी!

भाव चांगला असूनही तोटा झाला, कारण ठराविक शुल्के लहान रकमेला भारी पडतात. धरलेल्या याच आकड्यांवर हिशेब केला तर एका खेपेला पाच हजार डॉलरच्या आसपास रक्कम गेल्यावरच बँकेचा रस्ता परवडू लागतो. लहान कामे करणाऱ्यांनी रुपयांतच पैसे घ्यावेत, आणि थोडे साठवून घ्यावेत.

आता मोबदला ठरवण्याचे बघू. २७,००० रुपये हातात यायला हवे असतील तर किती डॉलर सांगावेत? पुष्कळजण चौदा टक्के कापले जातात म्हणून ३०० वर चौदा टक्के चढवतात आणि ३४२ सांगतात. त्यातून हाती येतात सुमारे २६,५१७. कारण चढवलेल्या रकमेवरही कपात होते. उलट हिशेब भागाकाराने करावा. दलाली व तिचा जीएसटी जाऊन एका डॉलरचे ८८.२ सेंट उरतात आणि त्याला ८८.२० चा भाव मिळतो. म्हणजे सांगितलेल्या प्रत्येक डॉलरमागे हातात ७७ रुपये ७९ पैसे. २७,००० ला याने भागले की ३४७ येतात. काढण्याचे शुल्क धरून ३४९ सांगावेत.

शेवटी दोन सावधगिरीच्या गोष्टी. आखातात असलेला भाऊ घरखर्चाला पैसे पाठवतो आणि आपण ते मनी ट्रान्सफरच्या खिडकीवर घेतो, ही वाट आपल्या ओळखीची आहे. पण ती वाट कुटुंबाच्या खर्चासाठी आहे. कामाचा मोबदला त्या वाटेने मागवणे नियमाला धरून नाही. काम देणारा म्हणाला, "प्लॅटफॉर्म सोडा, तुमच्या मावशीच्या नावे पाठवतो", तर नाही म्हणावे. प्लॅटफॉर्म खाते बंद करील ते वेगळेच.

दुसरी गोष्ट कागदाची. रुपयांत आलेली रक्कम पासबुकात मुंबईतल्या एखाद्या कंपनीच्या नावाने दिसते; ती परदेशातून आली हे त्यातून कळत नाही. म्हणून प्लॅटफॉर्मकडून किंवा पैसे पोचवणाऱ्या कंपनीकडून परकीय रक्कम आल्याचा दाखला मागून घ्यावा. पडद्यावर तो `FIRA` किंवा `FIRC` या नावाने दिसतो. दलालीचे बिलही उतरवून ठेवावे. उद्या मुलीने कर्जासाठी अर्ज केला की बँकेचा साहेब उत्पन्नाचा पुरावा मागेल. आणि विवरणपत्र भरताना तिची मिळकत ३०० डॉलरच्या हिशेबाने मोजली जाते, कपात हा खर्च. खर्चाला बिल लागते.

शाळेच्या वहीत सहा रकाने आखा: तारीख, ठरलेले डॉलर, दलाली व तिचा कर, निघालेले डॉलर, आलेले रुपये आणि भागाकाराने निघालेला भाव. पाच-सहा नोंदी झाल्या की कुठला प्लॅटफॉर्म किती खातो, हे कुणाला विचारावे लागणार नाही.